बाकी दोन हजारांची, व्याज चाळीस हजारांवर

क्रेडिट कार्डाच्या बिलातील बहुतांश रक्कम मुदतीत भरूनही पुढील बिलात व्याजाचा मोठा आकडा लागून आला, तर कार्डधारकाला बँकेने हिशोबात चूक केली असावी असे वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण कोणत्याही साध्या कर्जात जेवढे फेडले तेवढ्यावरील व्याज थांबते आणि जेवढे उरले तेवढ्यावरच ते चालू राहते, हा व्यवहारातील रूढ समज आहे. कार्डाच्या बाबतीत हा समज अर्धाच खरा ठरतो. भरलेल्या रकमेवरील व्याज भरल्याच्या दिवसापासून थांबते हे खरे. परंतु खरेदीच्या दिवसापासून भरण्याच्या दिवसापर्यंतचे जे व्याज एरवी माफ झाले असते, ते बिलातील थोडीशी बाकी राहिल्यामुळे संपूर्ण रकमेवर वसूल होते. भारतातील बँका ही आकारणी कशी करतात आणि तिच्यामागे कोणता करार उभा आहे, हे एका उदाहरणातून तपशीलवार पाहता येते.

प्रथम तीन तारखा वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. पहिली खरेदीची तारीख, म्हणजे कार्ड दुकानात घासले किंवा ऑनलाइन वापरले तो दिवस. दुसरी बिलाची तारीख, जिला बँका स्टेटमेंटची तारीख म्हणतात. त्या दिवशी मागील महिनाभराचे व्यवहार गोळा करून एकूण देय रक्कम, म्हणजे ‘टोटल अमाऊंट ड्यू’, काढली जाते. तिसरी देय तारीख, म्हणजे ‘ड्यू डेट’, जी बिलाच्या तारखेनंतर साधारणतः अठरा ते वीस दिवसांनी येते. एखाद्या कार्डाचे बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघत असेल आणि देय तारीख २५ असेल, तर ६ जूनच्या खरेदीचे पैसे २५ जुलैला द्यावे लागतात आणि ५ जुलैच्या खरेदीचे पैसेही त्याच दिवशी. म्हणून पहिल्या खरेदीला ४९ दिवस मिळतात आणि दुसरीला अवघे २०. जाहिरातींतून ‘पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी’ असे जे सांगितले जाते, त्यातील ‘पर्यंत’ या शब्दाचा हा अर्थ आहे.

या बिनव्याजी मुदतीचे स्वरूप नीट समजले नाही म्हणून बाकीचा सगळा गोंधळ होतो. कार्डावरील उधारी मुळात बिनव्याजी आहे आणि देय तारीख चुकल्यावर तिच्यावर व्याज सुरू होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्ष करार मात्र उलट बाजूने लिहिलेला असतो. त्यानुसार उधारी खरेदीच्या दिवसापासूनच व्याजी असते, आणि संपूर्ण बिल देय तारखेपर्यंत चुकते झाले तर ते सर्व व्याज सोडून दिले जाते. म्हणजे बिनव्याजी मुदत ही एक सशर्त माफी आहे, आणि तिची अट ‘संपूर्ण’ या शब्दात आहे; पंच्याण्णव टक्के भरणा केल्यास पंच्याण्णव टक्के माफी, अशी तिची रचना नाही. महाराष्ट्रातील ग्रामीण वाचकाला ही रचना अनोळखी नसावी. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडते ते मुदतीत परतफेड केली तरच. मूळ कर्जाला व्याजदर असतोच आणि तारीख हुकली की सवलत जाते. कार्डाची गोष्ट त्याच जातीची आहे, फरक एवढाच की येथे व्याजदर कितीतरी पट अधिक आहे आणि सवलतीचा खर्च सरकार उचलत नाही.

रिझर्व्ह बँकेने ही अट लपवून ठेवू दिलेली नाही. २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून लागू झालेल्या कार्डविषयक निर्देशांत तिने बँकांना असे बजावले की, मागील महिन्याच्या बिलातील कोणतीही बाकी शिल्लक राहिल्यास बिनव्याजी मुदत गमावली जाते, ही गोष्ट सर्वाधिक महत्त्वाच्या अटींच्या पत्रकात स्पष्ट सांगावी आणि त्यासाठी आकड्यांची उदाहरणे करून ती कार्डासोबतच्या स्वागतसंचात व संकेतस्थळावर द्यावीत. बँका ती देतातही. मात्र ती बारीक टायपात, इंग्रजीत आणि कार्ड नव्याने हाती येण्याच्या क्षणी दिली जातात, जेव्हा व्याजाचा विचार कोणाच्याच मनात नसतो.

व्याज मोजण्याची पद्धत गूढ नाही. बचत खात्यावरील व्याज १ एप्रिल २०१० पासून सर्व बँका रोजच्या शिलकेवर मोजतात, त्याच रीतीने कार्डावरील व्याजही रोजच्या येण्यावर मोजले जाते. बचत खात्यात ते ग्राहकाला मिळते, येथे त्याच्याकडून घेतले जाते. किती रुपये किती दिवस वापरले, याचा गुणाकार करून सर्व गुणाकारांची बेरीज करावयाची आणि तिला एका दिवसाच्या दराने गुणावयाचे. या गुणाकाराला येथे सोयीसाठी ‘रुपया-दिवस’ म्हणता येईल: हजार रुपये दहा दिवस वापरले तर दहा हजार रुपया-दिवस होतात. अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के दर असतो. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि ४२ टक्क्यांना ३६५ ने भागले की एका दिवसाचा दर येतो.

आता उदाहरण घेऊ. एका कार्डधारकाचे मे महिन्यापर्यंतचे सर्व हिशोब पूर्ण चुकते आहेत. त्याने १० जूनला ३०,००० रुपयांचा फ्रिज घेतला आणि २८ जूनला १०,००० रुपयांची आणखी एक खरेदी केली. ५ जुलैला ४०,००० रुपयांचे बिल आले. २५ जुलै या देय तारखेला त्याने ३८,००० रुपये भरले, उरलेले २,००० रुपये पुढच्या महिन्यात देऊ असे ठरवले, आणि दरम्यान १५ जुलैला ८,००० रुपयांची एक नवी खरेदीही केली होती. ५ ऑगस्टच्या बिलात व्याज किती लागेल, याचा अंदाज विचारला तर बहुतेकजण २,००० रुपयांवरील २५ जुलैपासूनच्या बारा दिवसांचे व्याज काढतील, आणि ते जेमतेम २८ रुपये भरते.

बँकेचा हिशोब असा चालतो. २,००० रुपये राहिल्यामुळे माफीची अट मोडली, म्हणून ४०,००० रुपयांपैकी प्रत्येक रुपया त्याच्या खरेदीच्या दिवसापासून मोजणीत येतो. फ्रिजचे ३०,००० रुपये १० जूनपासून २४ जुलैपर्यंत, म्हणजे ४५ दिवस, वापरात होते. त्यांचे १३,५०,००० रुपया-दिवस झाले. दुसऱ्या खरेदीचे १०,००० रुपये २८ जूनपासून २४ जुलैपर्यंत २७ दिवस वापरात होते. त्यांचे २,७०,००० झाले. २५ जुलैला ३८,००० रुपये जमा झाल्यावर त्यांच्यावरील मोजणी थांबली आणि उरलेल्या २,००० रुपयांची २५ जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत १२ दिवस चालू राहिली. त्यांचे २४,००० झाले. शेवटी १५ जुलैच्या नव्या खरेदीचे ८,००० रुपये, ज्यांची देय तारीख अजून यावयाचीच आहे, तेही १५ जुलैपासूनच मोजणीत घेतले जातात. त्यांचे २२ दिवसांचे १,७६,००० झाले. सर्वांची बेरीज १८,२०,००० रुपया-दिवस होते, आणि वार्षिक ४२ टक्के दराने तिचे व्याज २,०९४ रुपये येते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७७ रुपये. कारण साध्या कर्जाच्या व्याजाला जीएसटीतून सूट असली तरी क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ती सूट नाही. एकूण भुर्दंड २,४७१ रुपयांचा होतो, म्हणजे जी बाकी ठेवली तिच्याहूनही मोठा.

या २,०९४ रुपयांचे वाटप पाहिले की मर्म कळते. त्यांतील १,८६४ रुपये हे २५ जुलैपूर्वीच्या काळाचे, म्हणजे ज्या दिवसांत बँकेने काहीही मागितलेले नव्हते त्या दिवसांचे आहेत. २०३ रुपये नव्या खरेदीचे आहेत. आणि प्रत्यक्ष मागे ठेवलेल्या बाकीचे फक्त २८ आहेत. कार्डधारकाला जो दंड ‘दोन हजारांवरचा’ वाटतो, तो वस्तुतः माफी रद्द झाल्याची किंमत आहे, आणि ती किंमत बाकी किती राहिली यावर जवळजवळ अवलंबून नसते. बाकी ५०० रुपयांची असती तरी हा आकडा वीसएक रुपयांनीच कमी झाला असता.

याच हिशोबाचे एक विचित्र टोक असे आहे. समजा त्या कार्डधारकाने ३८,००० ऐवजी फक्त २,००० रुपये भरले असते आणि ३८,००० मागे ठेवले असते, तर २५ जुलैपूर्वीचे व्याज तेवढेच राहिले असते. पुढील बारा दिवसांसाठी मात्र २,००० ऐवजी ३८,००० रुपये मोजले गेले असते. त्या बिलातील व्याज २,५९१ रुपये झाले असते. म्हणजे ३६,००० रुपये अधिक भरून त्या बिलात वाचलेले व्याज ४९७ रुपयेच. यावरून कमी भरणेच शहाणपणाचे, असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण मागे राहिलेल्या ३६,००० रुपयांवर त्यापुढे दर महिन्याला सुमारे १,२६० रुपये आणि वर जीएसटी चालू राहतो. परंतु पहिल्या महिन्यात अर्धवट भरण्याचे फळ इतके थोडे का दिसते, याचा उलगडा या आकड्यात आहे.

नव्या खरेदीवर लगेच व्याज का लागते, हा प्रश्न यानंतर वेगळा उरत नाही. बिनव्याजी मुदत प्रत्येक खरेदीला स्वतंत्रपणे मिळत नाही. ती खात्याला मिळते, आणि खात्यावर मागील बिलाची बाकी असेल तर त्या खात्यातील कोणत्याच खरेदीला ती लागू होत नाही. म्हणून १५ जुलैला केलेली खरेदी त्या दिवशी पूर्णपणे निर्दोष असूनही, दहा दिवसांनी झालेल्या अपुऱ्या भरण्यामुळे मागे वळून व्याजी ठरते. पुढे ऑगस्टमध्ये किराणा, पेट्रोल, विजेचे बिल असा जो काही खर्च त्या कार्डावर होईल, त्याचीही मोजणी पहिल्या दिवसापासून होते. जो घरखर्चही कार्डावरच चालवतो त्याला ही बाजू सर्वांत महाग पडते. त्याच्या दृष्टीने जुनी बाकी जेमतेम असते, पण तिच्या सावलीत महिन्याचा सगळा खर्च व्याजी होऊन जातो. एटीएममधून कार्डावर काढलेल्या रोख रकमेचा यात विचार करण्याचे कारण नाही, कारण तिला बिनव्याजी मुदत कधीच नसते आणि वर वेगळे शुल्क असते.

उदाहरणातील कार्डधारकाला ५ ऑगस्टच्या बिलात १२,४७१ रुपये एकूण देय दिसतात: जुने २,०००, नवे ८,०००, व्याज आणि कर. त्याने २५ ऑगस्टला ही रक्कम पैसाही न राखता भरली, तरी ५ सप्टेंबरच्या बिलात पुन्हा व्याजाची एक ओळ असते, आणि येथे मात्र अनेकांचा संयम सुटतो. तिचे कारण असे की ५ ऑगस्टचे बिल त्या दिवसापर्यंतचेच व्याज मोजते, तर १०,००० रुपयांचे मुद्दल ६ पासून २४ ऑगस्टपर्यंत आणखी १९ दिवस खात्यावर उभे होते. त्याचे १,९०,००० रुपया-दिवस होतात आणि व्याज सुमारे २१९ रुपये, जीएसटी धरून २५८. ज्या बँका न भरलेल्या व्याजावरही व्याज धरतात, त्यांच्या बिलात हा आकडा थोडा अधिक येतो. शुल्क आणि कर यांच्यावर मात्र अशी चक्रवाढ करण्यास रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी मनाई केली आहे. हे मागून येणारे व्याज म्हणजे चूक नसून बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचा उरलेला हिशोब असतो. ते टाळण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे अशा महिन्यात देय तारखेची वाट न पाहणे. बिल हाती पडल्यावर ८ ऑगस्टलाच संपूर्ण रक्कम भरली असती, तर फक्त दोन दिवसांचे, म्हणजे २३ रुपयांच्या आसपास व्याज उरले असते.

सवयीने माणूस देय तारखेपर्यंत थांबतो, कारण माफी शाबूत असेपर्यंत आधी भरण्यात काहीच फायदा नसतो. माफी गेल्याबरोबर हे गणित उलटते. वरील उदाहरणात संपूर्ण रक्कम जमणार नाही हे कार्डधारकाला बिल आल्यावर लगेच दिसत असते आणि त्याने ३८,००० रुपये २५ जुलैऐवजी ६ जुलैलाच भरले असते, तर १९ दिवसांचे ७,२२,००० रुपया-दिवस वाचून त्याचे सुमारे ८३१ रुपये व्याज कमी झाले असते. पैसे खात्यात पडून असताना देय तारखेची वाट पाहत अर्धवट भरणा करणे, ही या सर्व प्रकारातील सर्वांत निरर्थक किंमत म्हणावी लागेल.

बिलावर एकूण रकमेशेजारी छापलेली ‘मिनिमम अमाऊंट ड्यू’, म्हणजे किमान देय रक्कम, या गैरसमजाला हातभार लावते. किमान रक्कम वेळेत भरली की विलंबशुल्क लागत नाही आणि पतसंस्थांकडे, म्हणजे कर्जदारांच्या परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, थकबाकीदार म्हणून नोंद जात नाही. एवढेच तिचे काम आहे. व्याजाशी तिचा संबंध नाही. किमान रक्कम एकूण येण्याच्या पाच टक्के आहे असे धरले, तर एक लाख रुपयांच्या येण्यावर ती ५,००० रुपये होते. महिन्याचे व्याज ३,५०० आणि त्यावरील जीएसटी ६३० वजा जाता मुद्दलात फक्त ८७० रुपये जमा होतात, तेही त्या महिन्यात एकही नवी खरेदी केली नसेल तर. किमान रक्कम इतकी कमी ठेवू नये की भरणा करूनही येणे वाढतच जावे, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे, आणि फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबेल असा इशारा प्रत्येक बिलावर ठळकपणे छापण्याची सक्तीही आहे. स्वयंचलित भरणा, म्हणजे ऑटो-डेबिट, लावताना मात्र काही कार्डधारकांकडून ‘किमान रक्कम’ हा पर्याय नकळत निवडला जातो आणि बचत खात्यात भरपूर शिल्लक असूनही दर महिन्याला व्याज चालू राहते. बिल ‘आपोआप भरले जात आहे’ ही समजूत पक्की असल्यामुळे ही चूक लवकर उघडकीसही येत नाही.

देय तारखेविषयी आणखी एक समजूत तपासून घेण्यासारखी आहे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ थकल्यावरच विलंबशुल्क लावावे व पतसंस्थांना कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्यावरून देय तारीखच तीन दिवस पुढे गेली असे अनेकजण समजतात. तो नियम शुल्क आणि नोंद या दोन गोष्टींपुरता लिहिलेला आहे. बिनव्याजी मुदत तीन दिवसांनी वाढते असे त्यात म्हटलेले नाही. म्हणून २७ जुलैला पूर्ण रक्कम भरणारा विलंबशुल्कातून सुटतो, पण व्याजाच्या बाबतीत तो बँकेच्या अटींच्या हवाली असतो.

बँकेच्या बाजूने पाहिले तर या रचनेला आर्थिक कारण नाही असे नाही. कार्ड घासल्यानंतर दुकानदाराला त्याचे पैसे एक-दोन दिवसांत मिळतात, आणि तेव्हापासून बँकेचा पैसा बाहेर असतो. बिनव्याजी दिवसांचा खर्च ती दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनातून आणि बाकी मागे ठेवणाऱ्या ग्राहकांच्या व्याजातून भागवते. दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्याची फुकट उधारी अर्धवट भरणाऱ्याच्या व्याजावर काही अंशी चालते, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. परंतु यावरून भरलेल्या ३८,००० रुपयांवरही व्याज घेणे अपरिहार्य आहे असे सिद्ध होत नाही. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्याने आणि त्याखालील नियमांनी २२ फेब्रुवारी २०१० पासून असा दंडक घातला की, बिनव्याजी मुदत लागू असलेल्या येण्यापैकी जेवढा भाग मुदत संपण्यापूर्वी फेडला असेल, त्या भागावर मुदत गमावल्याच्या कारणाने व्याज आकारता येणार नाही. वरील उदाहरणाला हा नियम लावला, तर त्याच ४२ टक्के दरानेही व्याज राहिलेल्या २,००० रुपयांवर आणि नव्या ८,००० रुपयांवर मिळून साडेतीनशे रुपयांच्या आतच राहिले असते. म्हणजे नव्या खरेदीवरील व्याज तेथेही टळत नाही. टळते ते वेळेत फेडलेल्या रकमेवरचे. भारतातील नियमांनी उघड सांगण्यावर भर दिला आहे, आकारणीच्या या पद्धतीला हात लावलेला नाही, आणि ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

दराच्या बाबतीतही स्थिती अशीच मोकळी आहे. कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे व्याजदराला आज अशी ठरावीक कमाल मर्यादा नाही, आणि दर काय आहे ते बिलावरच वाचून घ्यावे लागते.

ज्याला एखाद्या महिन्यात पूर्ण रक्कम भरणे खरोखरच शक्य नाही, त्याच्यापुढे देय तारखेच्या आत एक मार्ग साधारणतः खुला असतो, आणि तो म्हणजे मोठी खरेदी मासिक हप्त्यांत, म्हणजे ईएमआयमध्ये, बदलून घेणे. असे केल्यावर ती खरेदी चालू बिलातून बाहेर पडून तिचा फक्त हप्ता एकूण देय रकमेत येतो, तिचा व्याजदर कार्डाच्या नेहमीच्या दरापेक्षा बराच कमी असतो, आणि उरलेले बिल पूर्ण भरले तर माफीची अट पाळली जाते. प्रक्रिया शुल्क, जीएसटी आणि बदललेली देय रक्कम किती हे बँकेकडून आधी लेखी विचारून घ्यावे, कारण हप्ता मंजूर होऊन जुन्याच आकड्यातून अंदाजाने रक्कम वजा केली, तर शे-दोनशे रुपयांची बाकी राहून मूळ संकट परत उभे राहते. बाकी हजार-दोन हजारांचीच असेल तर घरातील कोणाकडून आठवडाभरासाठी उसने घेणे, हा कोणत्याही बँकेच्या योजनेपेक्षा स्वस्त उपाय आहे.

बिलातील व्याज बरोबर आहे की नाही, हे घरी ताडून पाहता येते. बिलावर ते ‘फायनान्स चार्जेस’ किंवा ‘इंटरेस्ट’ या नावाने एका ओळीत येते आणि दिवसवार तपशील बहुधा दिलेला नसतो. त्या आकड्याला ३६५ ने गुणून वार्षिक दराने, ४२ टक्के असल्यास ०.४२ ने, भागले की बँकेने धरलेले रुपया-दिवस मिळतात. २,०९४ रुपयांवरून ते सुमारे १८,२०,००० निघतात. मग स्वतःच्या खरेदीच्या आणि भरण्याच्या तारखांवरून तीच बेरीज मांडावी. काही बँका खरेदीच्या दिवसाऐवजी व्यवहार खात्यावर नोंदला गेल्याच्या दिवसापासून मोजतात, काही बिलाचा शेवटचा दिवस धरत नाहीत. त्यामुळे पाच-पन्नास रुपयांचा फरक पडला तर त्यात गैर काही नाही. फरक शेकड्यांत असेल तर बहुधा एखादा परतावा किंवा भरणा उशिरा जमा धरलेला असतो. ज्या व्यवहाराचे पैसे अजून भरलेले नाहीत, त्याची देय तारखेपूर्वी परत आलेली रक्कम लगेच देय रकमेतून वजा करून ग्राहकाला कळवावी, असे बँकांवर बंधन आहे, आणि तक्रारीत नेमके याच नियमाकडे बोट दाखवता येते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. तिच्यासोबत दोन लागोपाठची बिले, भरण्याची पावती आणि वर मांडला तसा तारीखवार हिशोब जोडावा.